बिल्डरला लीगल नोटिस पाठवायची आहे, वकिलांनी दिलेला ड्राफ्ट बघून पोटात गोळा आलाय

भायलीचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी, बडोद्यातलेच बरेच जण इथे आहात म्हणून इथेच विचारतोय. वासणा-भायली रोडकडच्या एका स्कीममध्ये २०२१ साली टू बीएचके बुक केला, माझ्या आणि बायकोच्या जॉइंट नावावर. रजिस्टर्ड बानाखत झालंय. किंमत ४२ लाख, त्यातले ३७ लाख ८० हजार देऊन झालेत, म्हणजे ९० टक्के. लोन ३० लाखांचं. बानाखतात ताबा ३१ डिसेंबर २०२३ ला असं लिहिलंय आणि पुढे सहा महिने ग्रेस. आता जानेवारी २०२६ उजाडला, लिफ्टच्या जागी अजून नुसती विहीर आहे, वरच्या मजल्यांना ग्रिल नाही, आणि मी भायलीतच १४ हजार भाडं भरून समोरच्या खिडकीतून माझीच बिल्डिंग रोज बघतो.

साइटवरचा माणूस दर दिवाळीला "उत्तरायण पर्यंत" म्हणतो आणि उत्तरायणला "अखात्रीज पर्यंत". आता ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. एका वकिलांनी नोटिसचा ड्राफ्ट दिला, त्यात ३७.८० लाख परत, २४ टक्के व्याज, शिवाय फ्लॅटचा ताबा, शिवाय मानसिक त्रासाचे २५ लाख, शिवाय लोनचं सगळं व्याज, शिवाय भाडं असं सगळं मागितलंय आणि शेवटी "फौजदारी कारवाई करू". सही करायला हात धजत नाहीये. नोटिस अशीच असते का? आणि मुळात नोटिस द्यावीच लागते का?

बाबाजीपुरा_बॉय

भाऊ नोटिस कंपलसरी आहे, नोटिसशिवाय आयोग केस दाखलच करून घेत नाही. आणि घाबरायचं काय, जास्तच मागायचं असतं, शंभर मागितले तर पन्नास मिळतात. फक्त एक बघा, तुमचे ३७ लाख अधिक २५ लाख अधिक व्याज मिळून ५० लाखांच्या वर जातंय, म्हणजे केस जिल्हा आयोगात नाही, थेट अहमदाबादला राज्य आयोगात करावी लागेल. आणि नोटिस दिली की दोन वर्षांची मुदत परत पहिल्यापासून सुरू होते त्यामुळे टाइमचं टेन्शन नका घेऊ.

प्रतापनगर_एक्सप्रेस

बिल्डरने तुम्हाला नोटिस पाठवलीय का? मलाही आली होती, बाकी हप्ता भरा नाहीतर बुकिंग कॅन्सल. मी वाघोडिया रोडला दुकान घेतलंय, तेही दोन वर्षं लेट आहे. मी उत्तरच दिलं नाही. बरोबर केलं ना?

भायलीचा_भाडेकरू

नाही दादा, मला नाही आली, मी त्यांना पाठवणार आहे.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

मी ग्राहक आयोगात अठरा वर्षं केसेस चालवतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी बाबाजीपुरा भाऊंचं. तीन गोष्टी सांगितल्यात, तिन्ही ऐकिवातल्या आहेत आणि तिन्हीमुळे माणसं अडकतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रारीआधी नोटिस द्यायलाच हवी असं कुठेही नाही. द्यावी मात्र नक्की, कारण पुढे समोरचा "आम्हाला कधी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर केलं असतं" म्हणतो ते तोंड बंद होतं, आणि त्याचं उत्तर आलं तर त्याचा बचाव काय असणार ते केस टाकायच्या आधीच हातात येतं. माझ्या मते नोटिसचा अर्धा उपयोग या उत्तरासाठीच आहे.

दुसरं, कुठल्या आयोगात जायचं ते आता मागणीच्या रकमेवर ठरत नाही. जुन्या १९८६ च्या कायद्यात नुकसानभरपाई धरून बेरीज करायचे, ती सवय लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. आता फक्त तुम्ही मोबदला म्हणून किती पैसे दिलेत ते बघतात. डिसेंबर २०२१ च्या नियमांपासून ५० लाखांपर्यंत जिल्हा, ५० लाख ते २ कोटी राज्य. यांनी दिलेत ३७.८० लाख, म्हणजे बडोद्याचा जिल्हा आयोग, फी १००० रुपये. अहमदाबादच्या फेऱ्या करायची काही गरज नाही.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. नोटिसने मुदत वाढत नाही. एक दिवसही नाही. कलम ६९ ची दोन वर्षं कारण घडलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही दहा नोटिसा पाठवा, घड्याळ तेच राहतं.

भायलीचा_भाडेकरू

ताई, मग माझी मुदत गेली का?? ३१ डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं म्हणजे ३१ डिसेंबर २०२५, ती तर गेल्या पंधरवड्यात संपली. रात्री झोप लागली नाही हे वाचून.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

नाही गेली, झोपा. ताबाच दिलेला नाही तोवर कारण रोज नव्याने घडतंय, हे सुप्रीम कोर्टाने मेरठ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात २०१२ सालीच म्हटलंय आणि आयोग ते पाळतात. पण हे हातात आहे म्हणून निवांत बसायचं नाही, कारण समोरचा वकील मुदतीचा मुद्दा घेणारच. म्हणून तुमच्या ड्राफ्टमधलं ते वाक्य बघा, मला खात्री आहे असणार, "दिनांक ३१/१२/२०२३ रोजी तक्रारीचे कारण उद्भवले". आहे ना?

भायलीचा_भाडेकरू

आहे! परिच्छेद ११ मध्ये अगदी हेच शब्द.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

ते काढा. तुम्हीच आपल्या सहीने लिहून देताय की कारण तेव्हा घडलं आणि संपलं. त्याऐवजी असं यायला हवं की बानाखताप्रमाणे ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३, ग्रेस धरला तरी तो ३० जून २०२४ ला संपला, आणि आज या नोटिसच्या तारखेपर्यंत ताबा मिळालेला नाही म्हणून तक्रारीचं कारण रोज चालू आहे. शिवाय तक्रार शक्यतो ३० जून २०२६ च्या आत टाकून मोकळे व्हा, म्हणजे ग्रेसपासून मोजलं तरी तुम्ही दोन वर्षांच्या आत. आणि तरीही तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडून ठेवा, लागला नाही तर नाही.

आता मागणी. तुमच्या वकिलांनी ताबाही मागितलाय आणि पैसे परतही. दोन्ही एकाच श्वासात मागितलं की वाचणाऱ्याला कळत नाही तुम्हाला घर हवंय की बाहेर पडायचंय. आधी घरात दोघांनी बसून ठरवा. घर हवं असेल तर मुख्य मागणी ताबा, बीयू परमिशनसकट म्हणजे महापालिकेच्या इमारत वापर परवानगीसकट, आणि तोवरच्या दर महिन्याचं व्याज. पर्याय म्हणून खाली एक ओळ, की अमुक तारखेपर्यंत ताबा देता येत नसेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत. पर्यायी मागणी चालते, दोन्ही एकदम मात्र नाही.

आणि हे ठरवण्याआधी एक काम करा, स्कीमला बीयू मिळालीय का, अर्ज तरी केलाय का ते महापालिकेतून काढा, गुजरात रेराच्या साइटवर प्रोजेक्टचं पानही बघा. कारण बीयू मिळून ताब्याचं पत्र आलेलं असेल तर नंतर रिफंडचा हट्ट सहसा टिकत नाही, आयरियो ग्रेसच्या निकालात जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्यांच्या टॉवरला ओसी मिळाली होती त्यांना ताबा घ्यायला सांगितलं आणि विलंबाची भरपाई दिली, ज्यांच्या टॉवरला ओसी नव्हती त्यांना पैसे परत. आपल्याकडे ओसीच्या जागी बीयू, बाकी तर्क तोच.

बाबाजीपुरा_बॉय

ताई माफ करा, मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं तेच मी टाकलं. नोटिस कंपलसरी नाही हे पहिल्यांदाच कळलं. पण जास्त मागायचं हे तर बरोबर ना? कमी मागितलं तर तेवढंच देतील.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

माफी कसली, सगळीकडे हेच बोललं जातं. पण जास्त मागण्याचं गणित आयोगात चालत नाही, तिथे आकडा कुठून आला ते विचारतात. यांचा आकडा मी मांडून दाखवते.

भरलेले ३७,८०,०००. नऊ टक्के सरळ व्याज धरलं तर वर्षाचे ३,४०,२००, महिन्याचे २८,३५०. ग्रेस संपल्यापासून म्हणजे १ जुलै २०२४ ते ३१ डिसेंबर २०२५ अठरा महिने झाले, त्याचे ५,१०,३००. आणि पुढे ताबा मिळेपर्यंत दर महिना २८,३५०. एवढं स्वच्छ. हे कुणीही कॅल्क्युलेटरवर तपासू शकतं, म्हणून याला वजन येतं. २५ लाख मानसिक त्रास याला कशाचा आधार? त्याऐवजी त्रासाचे आणि खर्चाचे मिळून एक माफक रक्कम लिहा.

लोनचं व्याज आणि वर रकमेवरचं व्याज, दोन्ही मागू नका. जून २०२५ मध्ये मोहालीच्या विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरलेल्या रकमेवर व्याज देवविलं की तीच भरपाई, घेणाऱ्याने पैसा लोन काढून आणला की साठवून आणला याच्याशी बिल्डरला देणंघेणं नाही. भाड्याच्या पावत्या मात्र जोडा, त्रास किती झाला ते दाखवायला उपयोगी पडतात.

भायलीचा_भाडेकरू

बानाखतात एक कलम आहे की विलंब झाला तर स्क्वेअर फुटाला ५ रुपये महिना भरपाई देऊ. माझा एरिया ११५० आहे, म्हणजे ५७५० महिना. बिल्डरचा मॅनेजर म्हणतो तुम्ही सही केलीय, एवढंच मिळेल. आणि उलट मी हप्ता उशिरा भरला तर माझ्याकडून १८ टक्के.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

हेच तर नोटिसमध्ये यायला हवं! दोन्ही कलमं शेजारी शेजारी लिहा, तुमच्या अठरा महिन्यांचे त्याच्या हिशेबाने १,०३,५००, आणि तुम्ही उशीर केला तर १८ टक्के. एकतर्फी कलम घेणाऱ्याला बांधत नाही हे २०१९ मध्ये पायोनियर अर्बनच्या प्रकरणात आलंय. पुढे २४ ऑगस्ट २०२० ला डीएलएफ सदर्न होम्सच्या प्रकरणात तर अगदी हेच, पाच रुपये फुटाचं कलम होतं, आणि कोर्टाने त्याच्या वर वर्षाला ६ टक्के दिले. म्हणून ९ मागा, पण ६ मिळाले तर हरलो असं समजू नका. सहाने तुमच्या अठरा महिन्यांचे ३,४०,२०० होतात, आणि त्याचे पाच रुपये वेगळे.

सुलभा_करेलीबाग

ॲडव्होकेटताई, माझं ऐका जरा, मी वाचून रडकुंडीला आलेय. आम्ही समा-सावली रोडला फ्लॅट घेतला, चौदा महिने उशीर झाला, मग एक दिवस फोन, ताई चावी घेऊन जा. गेलो तर टेबलावर तीन कागद. एक चावीची पोच, एक मेंटेनन्सचा चेक, आणि तिसरा गुजरातीत, की मला कसलीही तक्रार नाही आणि भविष्यात विलंबाबद्दल काही मागणार नाही. मिस्टर म्हणाले सही कर, चावी तर मिळतेय. आम्ही केली. आता कळलं की बीयू नव्हतीच त्या दिवशी, महापालिकेने पाण्याचं कनेक्शन दिलं नाही, टँकर मागवतो. आमचं काही होऊ शकतं का की सही केली म्हणजे संपलं?

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

सुलभाताई, संपलेलं नाही. बीयू नसताना चावी दिली याला कायद्याने ताबा म्हणणं कठीण आहे. ओसी न देणं ही चालू राहणारी चूक आहे हे समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात ११ जानेवारी २०२२ ला आलंय, त्यामुळे तुमचाही मुदतीचा मुद्दा बराच सैल होतो. ती तिसरी सही मात्र आडवी येईल, आयोग ती वाचून कोणत्या परिस्थितीत दिली ते विचारेल. त्या दिवशीचे काही मेसेज, व्हॉट्सॅप आहेत का, "सही केल्याशिवाय चावी नाही" असं कुठे लिहिलेलं? असेल तर ते आत्ताच जपून ठेवा, फोन बदलू नका. डीएलएफच्या त्याच निकालात बिल्डर हक्क सोडायला लावून मग ताबा देतो ही पद्धत कोर्टाला मान्य झाली नव्हती. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे कागद बघून बोलू.

भाडेकरू, तुम्हालाही हे येणार आहे. नोटिस गेली की पंधरा दिवसांत बहुधा ताब्याचं पत्र येतं, उरलेले ४ लाख २० हजार भरा आणि चावी घ्या. म्हणून नोटिसमध्ये आधीच लिहून ठेवा की बाकी रक्कम आम्ही तयार ठेवली आहे आणि बीयूची प्रत दाखवून ताबा देताना त्याच दिवशी देऊ. नाहीतर तो म्हणणार, हेच थकबाकीदार आहेत.

भायलीचा_भाडेकरू

यावरून आठवलं, एक हप्ता मी ४० दिवस उशिरा भरला होता, बँकेने डिस्बर्समेंट अडकवलं होतं स्लॅबच्या फोटोसाठी. ते लिहायचं का? वकील म्हणाले गप्प बसा.

बाबाजीपुरा_बॉय

अजिबात नका लिहू, आपल्याच पायावर कुऱ्हाड कशाला.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

मी लिहीन. त्याच्या लेजरमध्ये ते आहेच, तो ते पहिल्या पानावर ठळक करून दाखवणार. तुम्ही आधीच तारीख घालून लिहिलंत, उशीर ४० दिवसांचा, कारण हे, व्याज भरलं असेल तर पावती नंबर, की त्याचा जोर गेला. पण खरं सांगते, यावर वकिलांमध्ये दोन मतं आहेत, तुमच्या वकिलांचंही काही चूक नाही, नोटिसमध्ये नाही तर तक्रारीत लिहा असं म्हणणारे बरेच आहेत. खोटं मात्र कुठेच लिहू नका, "सर्व हप्ते वेळेवर भरले" हे वाक्य ड्राफ्टमध्ये असेल तर आत्ता खोडा.

प्रतापनगर_एक्सप्रेस

माझ्या दुकानाचं कुणी सांगेल का?

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

दादा, उत्तर न देणं बरोबर केलं नाहीत, आजच लेखी उत्तर द्या. दुकान स्वतः बसून पोट भरायला घेतलं असेल तर ग्राहक म्हणून जाता येतं, भाड्याने द्यायला किंवा विकायला घेतलं असेल तर समोरचा "व्यापारी हेतू" म्हणणार, मग रेरा बरा. कुठलं ते तुम्हीच सांगा.

प्रतापनगर_एक्सप्रेस

मुलगा बसणार आहे की भाड्याने द्यायचं ते अजून नक्की नाही.

रावपुरा_पोस्टवाला

मी पोस्टात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच रावपुऱ्यात. कायद्यातलं मला नाही कळत पण नोटिसा कशा फसतात ते मी बघितलंय, तेवढं सांगतो.

पाकिटावर पत्ता. लोक साइट ऑफिसचा पत्ता टाकतात, साइटवर वॉचमन असतो, तो घेत नाही, किंवा स्कीम पुरी झाली की ऑफिसच उठतं. मग पाकीट परत येतं, मागे निळ्या पेनने लिहिलेलं, "लेफ्ट". याचा अर्थ माणूस तिथून गेला, आणि तो शेरा तुमच्या बाजूचा नाही, कारण पत्ता चुकला असं होतं. "रिफ्यूज्ड" लिहून आलं तर ते सोनं आहे, ते पाकीट फोडू नका, तसंच्या तसं ठेवा. "इन्टिमेशन" लिहून सात दिवस पडून परत आलं तर तेही ठेवा. मी एका बाईंना पाकीट फोडून आतला कागद परत वापरताना बघितलंय काउंटरवर, हात धरून थांबवलं होतं.

आणि आता रजिस्टर्ड ए.डी. मागायला जाल तर काउंटरवरचा मुलगा गोंधळेल. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळली. स्पीड पोस्ट करा आणि त्यावर रजिस्ट्रेशन आणि डिलिव्हरीचा पुरावा दोन्ही तोंडाने सांगून घ्या, पावतीवर छापून आलंय का ते तिथेच बघा. ट्रॅकिंगचं पान डिलिव्हरी दिसली की त्याच दिवशी प्रिंट काढा, काही दिवसांनी ते दिसत नाही.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

पोस्टवाले काका, तुमचं हे आमच्या ज्युनिअर्सना शिकवायला हवं. पत्ता कुठला ते मी जोडते. बानाखतात शेवटी शेवटी नोटिस कुठे पाठवायची याचं कलम असतं, पत्ता आणि ईमेल दोन्ही, पहिलं पाकीट तिथे. दुसरं रजिस्टर्ड ऑफिसला. आपल्याकडे बहुतेक स्कीमा भागीदारी पेढीच्या नावावर असतात, एका स्कीमला एक पेढी, काम झालं की पेढी नावापुरती उरते. म्हणून बानाखतावर पेढीतर्फे ज्यांनी सही केली ते आणि बाकीचे भागीदार, प्रत्येकाला वेगळं पाकीट घरच्या पत्त्यावर. भागीदारांची नावं रेराच्या पानावर सापडतात. पेढीच्या देण्याला भागीदार स्वतः जबाबदार असतात, कंपनीच्या डायरेक्टरचं तसं नसतं, तेव्हा आधी तुमचा बिल्डर काय आहे ते बघा.

मुदत पोचल्यापासून पंधरा दिवस द्या. आणि नोटिसवर तुमची आणि बायकोची दोघांची नावं हवीत, बानाखत जॉइंट आहे. फौजदारीची धमकी पूर्ण काढा, ती तिथे शोभत नाही आणि उपयोगही नाही.

भायलीचा_भाडेकरू

रात्री बसून नवीन ड्राफ्ट केला, वकिलांनाही दाखवला, ते म्हणाले बरा झालाय. मधला भाग मराठीत टाकतो, पाठवणार गुजरातीत आहे.

"बानाखताच्या कलम ७ प्रमाणे ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती. सहा महिन्यांची सवलत धरली तरी ती ३० जून २०२४ रोजी संपली. आजपर्यंत बीयू परमिशनसह ताबा दिलेला नाही आणि तक्रारीचे कारण रोज चालू आहे. आम्ही ३७,८०,००० रुपये भरले आहेत, पावत्यांची यादी सोबत आहे. उरलेले ४,२०,००० रुपये बीयूची प्रत दाखवून ताबा देताना आम्ही देऊ. पोचल्यापासून १५ दिवसांत ताब्याची निश्चित तारीख लेखी कळवावी आणि १ जुलै २०२४ पासून ताब्यापर्यंत दरमहा २८,३५० रुपये द्यावेत. ताबा देणे शक्य नसल्यास पर्यायाने संपूर्ण रक्कम व्याजासह परत करावी."

एक शंका. ग्रेसचे सहा महिने मी सोडून देतोय, म्हणजे १,७०,१०० रुपये. कलमात लिहिलंय की ग्रेस फक्त पूर, भूकंप, सरकारी मनाई अशा कारणांसाठी. तसं काही झालेलं नाही. मग का सोडायचे?

बाबाजीपुरा_बॉय

नका सोडू, पावणेदोन लाख आहेत.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

ड्राफ्ट छान आहे. ग्रेसचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, कारण नसेल तर ग्रेसही नाही, १ जानेवारी २०२४ पासून मागता येतं. मी मुदतीच्या बाजूने सुरक्षित म्हणून जुलै म्हटलं होतं. मधला रस्ता असा, व्याज जानेवारी २०२४ पासून मागा, कारण लिहा, आणि "सवलत धरली तरी" हे वाक्य तसंच ठेवा. मग चोवीस महिन्यांचे ६,८०,४०० होतात. आयोग सहा महिने कापेलही, माझ्या केसेसमध्ये दोन्ही बाजूंनी निकाल लागलेले आहेत.

भायलीचा_भाडेकरू

अपडेट. पाच पाकिटं केली, पेढी, साइट सोडून रजिस्टर्ड ऑफिस, आणि तीन भागीदार. काकांनी सांगितल्याप्रमाणे काउंटरवर उभं राहून पावत्या तपासल्या, दोनवर रजिस्ट्रेशन लागलंच नव्हतं, परत करवून घेतलं. चार पोचली. एका भागीदाराचं परत आलंय, मागे "लेफ्ट".

आणि तेराव्या दिवशी त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. दोन पानं. म्हणतात रेरामध्ये प्रोजेक्टची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवून मिळालीय त्यामुळे विलंबच नाही, शिवाय बानाखतात लवादाचं कलम आहे म्हणून आयोगात जाता येणार नाही, शिवाय कोविड.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

हे उत्तर जपून ठेवा, हीच तुमच्या नोटिसची कमाई. बघा, त्यांनी बीयू नाही हे नाकारलेलं नाही आणि ३७.८० लाख मिळाले नाहीत असंही म्हटलेलं नाही. म्हणजे दोन गोष्टी तर आता वादातच नाहीत.

रेराची मुदत वाढली ती बिल्डर आणि रेरा यांच्यातली, तुमच्या बानाखतातली तारीख त्याने सरकत नाही. इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात २ नोव्हेंबर २०२० ला हे अगदी स्पष्ट आलंय, आणि त्याच निकालात रेरा असलं तरी ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे हेही. लवादाच्या कलमाने आयोग बंद होत नाही, तेही २०१८ मध्येच मिटलं. कोविडचं म्हणाल तर तुमचं बानाखत कुठल्या महिन्यातलं?

भायलीचा_भाडेकरू

नोव्हेंबर २०२१.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

मग लॉकडाउन होऊन गेल्यावर सगळं माहीत असताना त्यांनीच २०२३ ची तारीख लिहून दिली. त्यांना एवढंच उत्तर.

"लेफ्ट"वाल्या भागीदाराचा नवा पत्ता मिळतोय का बघा, नाही मिळाला तरी तक्रार अडत नाही, आयोग स्वतःची नोटिस काढतोच. आयोगाची नोटिस मिळाल्यावर त्यांना लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर १५ वाढवून, त्यापुढे नाही. फाइल ई-जागृतीवरून करा. व्हॉट्सॅप जोडणार असाल तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र.

सुलभा_करेलीबाग

मिस्टरांच्या जुन्या फोनमध्ये मेसेज सापडला! "सही आपशो तो ज चावी मळशे." तारखेसकट. ताई, मी धागा काढतेय.

रावपुरा_पोस्टवाला

भाडेकरू भाऊ, ते परत आलेलं पाकीट फोडलं नाहीत ना?

भायलीचा_भाडेकरू

नाही काका. कपाटात बानाखताच्या फाइलमध्ये तसंच ठेवलंय. बायको मात्र विचारतेय की तक्रारीच्या शपथपत्रासाठी तिला नोटरीकडे स्वतः यावं लागेल का, तिची शाळेची सुट्टी शनिवारीच असते.

ॲडव्होकेटताई_मांजलपूर

शपथपत्रावर तिची सही असेल तर नोटरीसमोर तिने यायला हवं. शनिवारी सकाळी या दोघं, ओळखपत्र आणि मूळ बानाखत घेऊन.